ठिपके रेषेवर बसले, म्हणून काय सिद्ध झालं?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांना हल्ली एक आलेख जोडलेला असतोच. आडव्या अक्षावर एक गोष्ट, उभ्या अक्षावर दुसरी, आणि ठिपके रेषेला असे चिकटलेले की जणू पट्टी धरून मांडलेत. खाली प्रश्न असतो: आता तरी मान्य? हे पत्र दर वेळी निराळ्या माणसाकडून येतं, गोंधळ मात्र तोच असतो. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त याच पत्रांना उत्तरं देते आहे.

प्रश्न: सहसंबंध गुणांक ०.९५ आला. म्हणजे एकामुळे दुसरं घडतं याची ९५ टक्के खात्री, बरोबर ना?

चूक. गुणांक ही खात्रीची टक्केवारी नाही. दोन गोष्टी किती शिस्तीत एकत्र सरकतात, एवढंच तो उणे १ ते अधिक १ या पट्टीवर सांगतो. आडवा आणि उभा अक्ष अदलून पाहा, तोच ०.९५ येईल. कोण कारण आणि कोण परिणाम हे ज्या आकड्याला कळतच नाही, त्याला 'मुळे' कसं ठाऊक असणार?

प्रश्न: p ची किंमत ०.००१ पेक्षाही कमी आहे. निदान योगायोगाचा प्रश्न तरी मिटला?

p म्हणजे दोन गोष्टींचा काही संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका घट्ट आलेख दिसण्याची शक्यता. ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच तो प्रश्न मिटला, आणि बहुतेक वेळा ते तसे नसतात. शिवाय योगायोग हा अनेक संशयितांपैकी एक. तो सुटला म्हणून बाकीच्यांची चौकशी संपत नाही. पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: आमच्या कंपनीचा जाहिरातखर्च आणि विक्री यांचे आठ वर्षांचे आकडे पाठवते आहे. गुणांक ०.९८ येतो. जाहिरात संस्था म्हणते की याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही, पुढच्या वर्षी खर्च दुप्पट करा. करावा का?

लगेच नको. का नको, ते जरा सविस्तर सांगते, कारण याच एका प्रकारच्या आलेखाने मी गेली कित्येक वर्षं हैराण आहे.

तुमचे आकडे सोयीसाठी लहान पूर्णांकांत आणले आहेत. खर्च वर्षागणिक असा: १०, ११, १४, १५, १८, १९, २२, २३. विक्री अशी: ५०, ५६, ५८, ६४, ६६, ७२, ७४, ८०. गुणांक खरोखरच ०.९८ येतो. संस्थेने गणित चुकवलेलं नाही. तिने चुकवला आहे तो प्रश्न.

गुणांक काढताना नेमकं काय होतं ते पाहू. खर्चाची आठ वर्षांची सरासरी १६.५, विक्रीची ६५. दर वर्षी आपण विचारतो: या वर्षी खर्च आपल्या सरासरीच्या वर होता की खाली, आणि विक्री आपल्या सरासरीच्या वर होती की खाली? दोन्ही एकाच बाजूला आणि एकाच प्रमाणात असतील, तर गुणांक १ कडे सरकतो. आता तुमची यादी पुन्हा बघा. पहिली चारही वर्षं दोन्ही गोष्टी सरासरीच्या खाली, नंतरची चारही वर्षं दोन्ही वर. म्हणजे आठ ठिपक्यांनी मिळून सांगितलं इतकंच की सुरुवातीला दोन्ही कमी होतं आणि नंतर दोन्ही जास्त झालं. हे तुम्हाला आलेखाशिवायही माहीत होतं. याच आठ वर्षांत वाढीच्या वयातल्या कोणत्याही मुलाची उंची मोजून ती विक्रीसमोर ठेवा. ठिपके तितकेच शिस्तीत बसतील. म्हणून त्या मुलाला जास्त खाऊ घालून विक्री वाढवायला कोणी निघत नाही.

काळाबरोबर सरकणाऱ्या आकड्यांचा हा स्वभाव आहे. यंदाची विक्री गेल्या वर्षीच्या विक्रीच्या खांद्यावर उभी असते, दरसाल नव्याने सुरू होत नाही. त्यामुळे आठ ठिपके म्हणजे आठ वेगळे साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराने तीच हकिकत आठ वेळा सांगावी, तसं ते आहे. वरच्या पत्रातली p ची किंमत इथेच फसवते. तिचं सूत्र आठही जणांना वेगळे साक्षीदार समजून चालतं.

हे काही आज कळलेलं नाही. उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ साली छापलेल्या व्याख्यानात इंग्लंड आणि वेल्सचं एक उदाहरण दिलं. १८६६ ते १९११ या काळात तिथे दर हजार लग्नांपैकी इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पद्धतीने लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण घसरत गेलं, आणि त्याच काळात मृत्युदरही घसरत गेला. दोघांचा गुणांक ०.९५१२. आलेख तुमच्याइतकाच देखणा. चर्चमधलं लग्न जिवावर बेततं, असा अर्थ काढायला कोणी धजणार नाही. त्या पंचेचाळीस वर्षांत समाजच बदलत होता आणि त्या बदलाबरोबर दोन्ही आकडे आपापल्या वाटेने उतरत होते. यूलने अशा सहसंबंधांना निरर्थक म्हटलं. त्याचं म्हणणं असं होतं की यात योगायोगाचा दोष नाही, काळाच्या ओघात वाहणाऱ्या आकड्यांना हे हमखास होतं.

मग काय करायचं? पातळी सोडा आणि बदल मोजा. खर्च एका वर्षातून दुसऱ्या वर्षात किती वाढला, ते लिहा: १, ३, १, ३, १, ३, १. विक्री किती वाढली: ६, २, ६, २, ६, २, ६. शेजारी शेजारी ठेवा आणि शांतपणे बघा. ज्या वर्षी जाहिरातीत तीनाची भर पडली, त्या वर्षी विक्री फक्त दोनाने वाढली. ज्या वर्षी जाहिरातीत कसाबसा एक वाढला, त्या वर्षी विक्री सहाने. या दोन ओळींचा गुणांक उणे १ येतो. आकडे तेच, कंपनी तीच, आणि ०.९८ चं उणे १ झालं.

संगणकावर एक्सेलसारख्या तक्त्यात करून बघायचं असेल तर खर्च B2 ते B9 मध्ये आणि विक्री C2 ते C9 मध्ये ठेवा. D3 मध्ये `=B3-B2` आणि E3 मध्ये `=C3-C2` लिहून दोन्ही नवव्या ओळीपर्यंत ओढा. मग हे तीन आकडे काढा:

```
=CORREL(B2:B9,C2:C9)
=CORREL(D3:D9,E3:E9)
=CORREL(D3:D8,E4:E9)
```

पहिली दोन सूत्रं म्हणजे वर सांगितलेले दोन गुणांक. तिसरं मुद्दाम दिलं आहे. दुसऱ्या आकड्यावरून कोणी लगेच 'जाहिरातीने विक्री घटते' असं म्हणायला लागू नये म्हणून. तिसऱ्या सूत्रात या वर्षीच्या खर्चवाढीसमोर पुढच्या वर्षीची विक्रीवाढ ठेवली आहे: जाहिरात आज, गिऱ्हाईक उद्या. खर्च १ ने वाढला की पुढच्या वर्षी विक्री २ ने वाढते, ३ ने वाढला की ६ ने. गुणांक अधिक १. आता जाहिरात पुन्हा नायिका झाली.

म्हणजे तीन रीती, तीन गोष्टी. पातळी बघितली तर जाहिरात जोरात चालते, बदल बघितले तर ती उलटी पडते, एक वर्ष मागे सरकवलं तर पुन्हा चालते. यांतली खरी कोणती, हे आठ ठिपक्यांना विचारून कळणार नाही. तिसऱ्या गणितात तर सहाच जोड्या उरतात. एक वर्ष मागे, दोन वर्षं मागे असं सरकवत बसलात तर एखादी मनासारखी रीत सापडतेच, आणि विकणारी मंडळी तीच सापडेपर्यंत सरकवतात. शोध थांबवायचा कुठे हे निकाल बघून ठरवलं, की तो शोध राहत नाही.

चौथी गोष्ट आणखी आहे, आणि ती तुमच्या कंपनीतच विचारा. जाहिरातीचा अर्थसंकल्प कसा ठरतो? पुष्कळ ठिकाणी येत्या वर्षीच्या अपेक्षित विक्रीचा ठरावीक हिस्सा जाहिरातीला दिला जातो. तुमच्याकडे तसं असेल, तर विक्री वाढणार म्हणून खर्च वाढला. म्हणजे बाण उलट्या दिशेने जातो. आलेख याही वेळी हुबेहूब तसाच दिसेल. अक्ष अदलले तरी गुणांक बदलत नाही हे वर सांगितलंच आहे. हे शोधायला आकडेमोड नको. लेखा विभागात एक फोन केला की पुरे.

आणि दुप्पट? तुमचा सर्वांत मोठा खर्च २३. दुप्पट म्हणजे ४६. तुमच्या आलेखात १० पासून २३ पर्यंत ठिपके आहेत. त्यापुढे कागद कोरा आहे. संस्था त्या कोऱ्या कागदावर पट्टी ठेवून रेषा ओढते आहे. तिचं उत्पन्न तुमच्या खर्चावर अवलंबून असताना ती रेषा खाली वळलेली काढेल, अशी अपेक्षाही नको.

खरं उत्तर हवं असेल तर ते मिळवता येतं. तुमच्या विक्रीचे विभाग घ्या, वीस असतील तर वीस. चिठ्ठ्या टाकून त्यांतले दहा निवडा. तिथे जादा जाहिरात करा, उरलेल्या दहांत पूर्वीइतकीच ठेवा, आणि किती महिन्यांनी मोजायचं ते आधीच लिहून ठेवा. चिठ्ठ्याच का? विक्री व्यवस्थापकाला निवडायला सांगितलं तर तो जिथे माल आपोआप खपणार तेच विभाग उचलेल, आणि आपण फिरून पहिल्या जागी येऊ. चिठ्ठीला बाजाराची नाडी कळत नाही, हाच तिचा गुण. किती विभाग पुरतील आणि किती काळ थांबावं लागेल, हे विक्रीतल्या चढउतारांवर ठरतं. त्यासाठी मात्र एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला आधी भेटा. पैसे खर्च झाल्यावर भेटलात, तर तो चाचणी कशाने मेली एवढंच सांगू शकेल.

प्रश्न: एका पूरक गोळीच्या माहितीपत्रकात आलेख आहे. ज्यांच्या रक्तात ते द्रव्य जास्त, त्यांच्यात कर्करोग कमी, आणि ठिपके सरळ उतरत जातात. मी धूम्रपान करतो. गोळी नैसर्गिक आहे, घ्यायला काय हरकत?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तुमच्या बाबतीत हरकत असू शकते, आणि हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाही.

द्रव्याचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण बीटा कॅरोटीनची कथा या वर्णनाला तंतोतंत जुळते. गाजरात, हिरव्या पालेभाज्यांत ते असतं. ज्यांच्या आहारात आणि रक्तात ते जास्त, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी, असं निरीक्षणांत पुन्हा पुन्हा दिसत होतं. मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. कोणाला बीटा कॅरोटीन मिळणार आणि कोणाला नाही, हे यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवलं गेलं. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत धूम्रपान करणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी काम केलेले अशा १८,३१४ जणांवर आणखी एक चाचणी चालू होती. तिथे बीटा कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिलं जात होतं. त्या गटात प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि १९९६ च्या जानेवारीत ती चाचणी ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावी लागली.

मग आधीचे आलेख खोटे होते का? नाही. रक्तात बीटा कॅरोटीन जास्त असणारा माणूस भाजीपाला जास्त खाणारा असतो, आणि अशा माणसाच्या बाकीच्या सवयीही निराळ्या असतात. शिवाय सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात या द्रव्याची पातळी कमी आढळते. रक्तातला आकडा ही त्या साऱ्या राहणीची खूण होती. गोळीने फक्त खूण बदलली, राहणी तशीच राहिली, आणि वर गोळीचा स्वतःचा परिणाम झाला तो वाईट. माहितीपत्रक छापणाऱ्याला फक्त पहिला आलेख परवडतो. तुमच्या पत्रात मला खटकलं ते 'नैसर्गिक' हा शब्द, आणि त्याहून जास्त 'मी धूम्रपान करतो' हे इतक्या सहज लिहिलेलं वाक्य. डॉक्टरांकडे गोळीबद्दल विचारायला जाल, तेव्हा ती सवय सुटण्यासाठी मदतही मागा.

प्रश्न: चॉकलेट जास्त खाणाऱ्या देशांना नोबेल पुरस्कार जास्त मिळतात, असा शोधनिबंध नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता म्हणे. खरं आहे की अफवा?

आला होता, २०१२ साली, फ्रान्झ मेसर्ली या हृदयरोगतज्ज्ञाचा, काहीशा मिस्कील सुरात. २३ देश, गुणांक ०.७९१. मिस्कीलपणा बातम्यांमध्ये पोहोचेपर्यंत गळून गेला.

श्रीमंत देशाला चॉकलेटही परवडतं आणि प्रयोगशाळाही, हे कोणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते वेगळं. त्या आलेखातला एकेक ठिपका म्हणजे एकेक अख्खा देश आहे, माणूस नाही. पुरस्कार मिळालेल्या शास्त्रज्ञाने स्वतः किती चॉकलेट खाल्लं, हे त्या आकड्यांत कुठेच नाही. सरासऱ्यांचे आलेख सहसा जास्त घट्ट दिसतात. लाखो माणसांची सरासरी काढली की प्रत्येकाचं निराळेपण एकमेकांना खोडून टाकतं आणि मागे गुळगुळीत ठिपका उरतो. त्या घट्टपणात माणसांबद्दल काही नसतं. सरासरी काढल्यानेच तो आलेला असतो.

कधी कधी तर दिशाच फिरते. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर हे दाखवलं. राज्यागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे निरक्षरता कमी: गुणांक उणे ०.५३ च्या आसपास. माणसामाणसाने पाहिलं तर उलट: परदेशात जन्मलेली व्यक्ती निरक्षर असण्याची शक्यता किंचित जास्त, गुणांक अधिक ०.१२. कारण साधं होतं. बाहेरून आलेले लोक अशा राज्यांत वसले, जिथे मूळच्या रहिवाशांत साक्षरता आधीच जास्त होती. म्हणून कोणताही आलेख हाती आला की मी आधी विचारते, एक ठिपका म्हणजे काय? माणूस, गाव, देश की वर्ष? पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना याचं उत्तर माहीत नसतं.

प्रश्न: पण मी उत्पन्न, वय, शिक्षण हे सगळे घटक सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यांचा परिणाम काढून टाकला आहे. आता तरी कारण म्हणू का?

इतक्यात नको. जे मोजलं तेच काढता येतं, आणि तेही जितकं नीट मोजलं असेल तितकंच. 'उत्पन्न' तुम्ही कमी, मध्यम, जास्त अशा तीन खणांत टाकलं असेल तर प्रत्येक खणाच्या आत गरीब-श्रीमंतीचा फरक तसाच शिल्लक आहे, आणि तो गुपचूप आपलं काम करत राहतो.

दुसरी चूक जास्त वेळा होते. सापडेल तो घटक आत टाकायचा. समजा एखादं औषध रक्तदाब कमी करून पक्षाघात टाळतं. तुम्ही रक्तदाबही 'काढून टाकला' तर औषध निरुपयोगी दिसेल, कारण ते ज्या वाटेने काम करतं तीच वाट तुम्ही बंद केलीत. म्हणून कोणता घटक कोणाच्या आधी येतो याचं बाणांचं चित्र कागदावर काढा, सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधी. त्या विषयातल्या जाणकाराला ते दाखवा. नंतर काढलेलं चित्र नेहमी निकालाला शोभेल असंच निघतं.

प्रश्न: माझ्या आलेखात ठिपके नुसते विखुरले आहेत, गुणांक शून्याजवळ. म्हणजे संबंध नाही असं समजून विषय सोडू का?

सोडू नका. कडाक्याच्या थंडीत घर तापवणारं यंत्र घ्या, ज्याला ठरावीक तापमान राखण्याचा खटका आहे. बाहेर गारठा वाढला की ते जास्त इंधन जाळतं, कमी झाला की कमी. आतलं तापमान जवळजवळ स्थिर. आता इंधन आणि आतलं तापमान यांचा आलेख काढा. जवळपास काहीच संबंध दिसणार नाही, आणि तरी घर गरम आहे ते त्या इंधनामुळेच. खटका चांगला असेल तितका आलेख जास्त बेकार. गंमत म्हणजे इंधन आणि बाहेरचा गारठा यांचा आलेख मात्र अगदी घट्ट येईल. पण त्यात 'इंधन जाळल्याने बाहेर थंडी पडते' असं वाचण्याचा मोह आवरा.

घट्ट आलेख कारण सिद्ध करत नाही, तसा विस्कटलेला आलेख ते खोडूनही काढत नाही. तुमचा विषय कोणता ते लिहिलेलं नाही. त्यात असं काही आपोआप सावरणारं आहे का, हे त्या विषयाच्या माणसाला विचारा.

प्रश्न: तुमच्या हिशेबाने मग धूम्रपानाने कर्करोग होतो हेही सिद्ध नाही. तिथे कुठे माणसांवर चिठ्ठ्या टाकल्या होत्या?

हा युक्तिवाद तंबाखू विकणाऱ्यांचा लाडका होता आणि त्याने पुष्कळ वर्षं वाया घालवली. म्हणून जरा चिडूनच उत्तर देते.

चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या हे खरं. पण एका घट्ट आलेखावरही कोणी विसंबलं नव्हतं. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी आधी रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना केली, १९५० साली. मग सुमारे चाळीस हजार ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या सवयी आधी विचारून ठेवल्या आणि पुढे कोण कशाने दगावतं ते वर्षानुवर्षं पाहिलं, म्हणजे आधी काय आणि नंतर काय याचा घोळच राहिला नाही. सिगारेटी जास्त तसा धोका जास्त, आणि सोडली की धोका उतरू लागतो, हेही दिसलं. सहसंबंधाच्या पलीकडचे पुरावे असे वेगवेगळ्या दिशांनी आले.

रोनाल्ड फिशर हा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा संख्याशास्त्रज्ञ म्हणावा लागेल. तरी तो अडून बसला, की सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच आनुवंशिक घटकातून येत असतील. तो तंबाखू उद्योगाचा सल्लागारही होता, हे इथे नोंदवून ठेवते. त्याच्या शंकेला १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी हिशेबाने उत्तर दिलं. धूम्रपान करणाऱ्यांना धोका नऊपट असेल, आणि तो सगळा कुठल्यातरी छुप्या घटकाचा असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट जास्त आढळायला हवा. असा घटक दाखवा, म्हणाले. कोणी दाखवू शकलं नाही.

'तिसरा काहीतरी घटक असेल' एवढं म्हणून पळ काढता येत नाही, हे माझ्याच बाजूच्या लोकांनाही सांगायला हवं. कोणता घटक, आणि तो किती जोरकस असायला हवा, ते सांगा. आणि तुम्ही स्वतः ओढत असाल, तर वाद माझ्याशी नको, डॉक्टरांशी घाला.

प्रश्न: उद्या सकाळी बैठक आहे. आलेख घट्ट आहे पण प्रयोग करायला वेळ नाही. खाली कोणतं वाक्य लिहू की कोणी बोट ठेवू नये?

'मुळे', 'म्हणून', 'परिणामी' आणि 'वाढवतं' हे शब्द खोडा. लिहा: 'या काळात दोन्ही एकत्र वाढले.' खाली लिहा की एक ठिपका म्हणजे काय, ठिपके किती आहेत, आणि बदलांचा गुणांक किती येतो. तो काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. सूत्र वर आहे.

तो उणे आला तर बैठक पुढे ढकला.